ओपन हाउसला जाण्याआधी

दिवाळी उलटली की बालवाडीच्या प्रवेशांची गडबड सुरू होते आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर शाळांची रंगीत चित्रं येऊ लागतात. त्यावरचा मजकूर साधारण असा असतो : “ओपन हाउस! शनिवारी सकाळी 10 ते 1. मॉन्टेसरी पद्धत, खेळातून शिक्षण. जागा मर्यादित, आजच नोंदणी करा.” एवढ्या मजकुरात पालकांना हव्या असलेल्या तीनही गोष्टी आहेत : भेटीची वेळ, शिकवण्याची पद्धत आणि नोंदणी. पण त्या इतक्या मोघम आहेत की प्रत्येकीबद्दल शाळेला पुढचा प्रश्न विचारावाच लागतो.

आधी वेळ. शनिवारी बऱ्याच शाळांत वर्ग नसतात. पालक जातात तेव्हा फरशी चकचकीत असते, दाराला फुगे लावलेले असतात, ताई हसून माहिती देतात आणि मूल घसरगुंडीवर रमतं. हे सगळं छानच, पण त्यातून कळते ती इमारत. आपलं मूल तिथे रोज तीन तास कसं घालवेल, हे पाहायचं तर वर्ग भरलेला असताना जायला हवं. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारावा : “त्या वेळी मुलं वर्गात असतील का?” नसतील, तर शनिवारी माहिती घ्यावी आणि आठवड्यातल्या एखाद्या दिवशी वर्ग पाहण्यासाठी वेगळी वेळ मागावी.

सुरक्षेसाठी काही शाळा बाहेरच्यांना वर्गात बसू देत नाहीत. त्यांचं म्हणणं रास्त आहे. अशा वेळी दारातून किंवा खिडकीतून दहा मिनिटं पाहता येईल का, असं विचारावं. वर्ग अजिबातच पाहता येणार नसेल, तर निदान शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभं राहावं. मूल कोणाच्या हाती सोपवतात, न्यायला रोजच्याऐवजी दुसरं कोणी आलं तर घरी फोन करून खात्री करतात का, हे तिथे समजतं.

आता पद्धत. ‘मॉन्टेसरी’ हे नाव कुणालाही पाटीवर लावता येतं, त्यामुळे नुसत्या नावावरून काही ठरवता येत नाही. मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 मध्ये रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. मुलाने स्वतः काम निवडावं, हाताने करून पाहावं आणि मधे कुणी अडथळा आणू नये, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा आहे. त्यामुळे तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात असतात आणि कामासाठी सलग मोठा वेळ राखून ठेवलेला असतो.

ही पद्धत खरोखर चालते का, हे गुलाबी मनोऱ्यावरून बरंच कळतं. या साहित्यात लाकडाचे दहा ठोकळे असतात. सर्वांत लहान ठोकळ्याची बाजू 1 सेंटिमीटर, सर्वांत मोठ्याची 10. मूल एकेक ठोकळा फळीवरून उचलून सतरंजीवर आणतं आणि मोठ्यावर लहान असे रचत जातं. एखादा ठोकळा चुकीच्या जागी बसला तर मनोरा वेडावाकडा दिसतो आणि मुलाला ते स्वतःच उमगतं, ताईंनी “चुकलं” म्हणावं लागत नाही. मनोरा मुलाच्या हाताला येईल अशा फळीवर असेल आणि ठोकळ्यांचे कोपरे वापरून थोडे झिजले असतील, तर तो रोज वापरात आहे. काचेच्या कपाटात किंवा वरच्या फळीवर ठेवलेला कोरा करकरीत मनोरा पाहुण्यांना दाखवण्यापुरता असण्याची शक्यता जास्त.

पण लाकडी साहित्य महाग असतं. ते नसलं म्हणून बालवाडी कमी दर्जाची ठरत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी आणि नंतर कोसबाड इथे आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेव्हा बिया, शंखशिंपले, खडे आणि पानं यांतूनच शिकण्याचं साहित्य उभं केलं. साध्या बालवाडीत चिंचोके मोजणारी, पानं आकारानुसार लावणारी मुलं दिसली, तर तिथे शिक्षण चाललेलं आहे असं खुशाल समजावं.

“खेळातून शिक्षण” या शब्दांची परीक्षा भिंतीवर होते. वीस मुलांनी काढलेले वीस मोर एकसारखे असतील, तर मोठ्यांनी काढलेल्या मोरात मुलांनी फक्त रंग भरला आहे. चित्रं वेगवेगळी असतील, काहींत मोर कुठला हेही कळत नसेल, तर ती मुलांची स्वतःची आहेत. तीन वर्षांच्या मुलांच्या वह्या पाहायला मागाव्यात. पानंच्या पानं “अ” आणि “A” गिरवलेली असतील, तर तिथे खेळापेक्षा लेखनाला वेळ जातो. या वयात मनगटाची हाडं पुरती तयार झालेली नसतात आणि बोटांची पकडही कच्ची असते. कणीक मळणं, मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं यांतूनच पुढे पेन्सिल धरणारा हात तयार होतो.

वर्गात शिरल्यावर पहिली दहा मिनिटं काही न विचारता कोपऱ्यात बसावं. एखादं मूल रडलं तर ताई वाकून त्याच्या उंचीला येतात की लांबूनच “गप्प बस” म्हणतात, ते पाहावं. मुलं मोजावीत. 2013 च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणानुसार तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस हवं. मग मुलांचं स्वच्छतागृह पाहायला मागावं आणि तिथे मुलांना कोण घेऊन जातं, ते विचारावं. ताईंना एक प्रश्न जरूर करावा : “पहिल्या आठवड्यात मूल रडत राहिलं तर तुम्ही काय करता?” “दोन दिवसांत सवय होते” हे उत्तर पुरेसं नाही. पहिले काही दिवस तासाभराची शाळा, आईबाबा किंवा आजीआजोबा जवळपास, मग हळूहळू वेळ वाढवत नेणं, अशी ठरलेली रीत त्यांनी सांगायला हवी.

राहिली नोंदणी. त्यासाठी छोटा निरोप पुरतो : “नमस्कार. आमची मुलगी जूनमध्ये साडेतीन वर्षांची होईल. वर्ग सुरू असताना शाळा पाहायची आहे. मंगळवारी किंवा गुरुवारी सकाळी 10 नंतर चालेल का? आम्ही दोघं येऊ. मुलीला सोबत आणावं का?” वेळेचे दोन पर्याय दिले की शाळेलाही सोपं जातं. नुसत्या भेटीसाठी आधार कार्ड किंवा जन्मदाखला पाठवण्याची गरज नाही. भेटीत इतर मुलांचे फोटो काढू नयेत.

शाळांनीही आपली जाहिरात थोडी बदलली तर पालकांची धावपळ वाचेल. उदाहरणार्थ : “मंगळवार आणि गुरुवार, 10 ते 10:45. वर्ग सुरू असतील. एका वेळी तीनच कुटुंबं. मुलं स्वतः काम निवडतात, लेखन पाचव्या वर्षानंतर. आदल्या दिवशी दुपारपर्यंत फोन करून वेळ ठरवा. शुल्काचा तक्ता भेटीत मिळेल.” जाहिरातीत हे लिहिणाऱ्या शाळेला नंतर तसं वागावंही लागतं.

भेटीनंतर “आज पैसे भरले तर सवलत” असं कुणी म्हटलं तरी लगेच पैसे भरू नयेत. शुल्काचा तक्ता घरी न्यावा आणि त्यात गणवेश, साहित्य, वाहन, सहली धरल्या आहेत का ते तपासावं. प्रवेश रद्द केला तर किती रक्कम परत मिळेल, हे लेखी मागावं. दोन शाळांत मन अडकलं, तर दोन्हींकडे वर्गाच्या वेळी आणखी एकदा जावं. दुसऱ्या भेटीत ताईंची नजर आपल्यावर कमी आणि मुलांवर जास्त राहिली, तर ती शाळा निवडायला हरकत नाही.