पाटीवरचं मैदान

गोष्ट 1981 च्या जानेवारीतली. फलटणला मामाकडे शिकायला राहिलेला एक मुलगा नववीत होता. तेव्हा मराठी शाळांतून इंग्रजी पाचवीपासून सुरू होई, म्हणजे चारेक वर्षं तो विषय त्याने शिकला होता. स्पेलिंगं पाठ होती, 'काळ बदला'चे प्रश्न बरोबर येत. पण कुणी चार वाक्यं इंग्रजीत बोललं, की त्याला त्यातला एक शब्द संपून दुसरा कुठे सुरू झाला तेच कळत नसे.

मामा पोस्टात कारकून. तारांचे मजकूर आणि फॉर्म यांपलीकडे त्यांचंही इंग्रजी फारसं जात नव्हतं, पण क्रिकेट त्यांच्या नसानसांत होतं. भारताचा संघ ऑस्ट्रेलियात खेळत होता आणि तिकडचा सकाळचा खेळ आपल्याकडे पहाटे सुरू होई. मामा साडेपाचच्या आत ट्रान्झिस्टर घेऊन ओसरीवर बसत, आढ्याला बांधलेली तांब्याची तार त्याच्या एरियलला गुंडाळत आणि शॉर्टवेव्हवर रेडिओ ऑस्ट्रेलिया शोधत. आवाज लाटेसारखा वर येई, खाली जाई. 'स्कोअर काय झाला?' एवढ्या एका प्रश्नासाठी भाचा अंथरुणातून उठून शेजारी येऊन बसू लागला.

पहिले काही दिवस मामांनी त्याला दुसरं काही ऐकूच दिलं नाही. फक्त आकडे आणि नावं. किती धावा, किती बाद, कोण गोलंदाज, कोण फलंदाज. मला ही सुरुवात फार शहाणपणाची वाटते. परक्या भाषेचा लोंढा कानावर आला की आपण सगळंच पकडायला जातो आणि सगळंच सुटतं. गावसकर, विश्वनाथ, लिली, चॅपेल ही नावं मुलाच्या ओळखीची होती. ती ऐकू आली की त्यांच्या आगेमागे जे उरे ते वाक्य, एवढं त्याला आपोआप कळू लागलं. पॉइंट, कव्हर, मिडऑन कुठे असतात हेही त्याला ठाऊक होतं, कारण मुंबईतल्या सामन्यांचं बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन त्याने लहानपणापासून ऐकलं होतं. मैदान मराठीतून आधीच डोक्यात बसलं होतं, आता त्यावर फक्त इंग्रजी ऐकायचं होतं.

मग मामांनी जुनी दगडी पाटी काढली. तिच्यावर खडूने लंबगोल, मधे खेळपट्टी आणि क्षेत्ररक्षकांच्या जागी नऊ चिंचोके. समालोचक क्षेत्ररचना सांगू लागला की मुलाने चिंचोके सरकवायचे आणि चेंडू मारला गेला की तो जसा गेला तशी खडूची रेघ ओढायची. खेळ म्हणून सुरू झालेल्या या उद्योगात इंग्रजीचं जे अंग आपल्याकडच्या मुलांना सगळ्यात जड जातं, ते हळूहळू सुटत गेलं. मराठीत नातं दाखवायला शब्दाच्या मागे प्रत्यय लागतो. इंग्रजीत ते काम नामाच्या आधी येणारे टू, पास्ट, थ्रू, ओव्हर असले छोटे शब्द करतात. शाळेत ते अर्थांच्या यादीने शिकवले जात आणि यादीत थ्रूला 'मधून' आणि ओव्हरला 'वरून' लिहून भागत नाही.

पाटीवर मात्र त्यांचा फरक दिसतो. 'टू मिडऑफ' म्हटलं की रेघ चिंचोक्याला जाऊन थांबते. 'पास्ट मिडऑफ' म्हटलं की ती चिंचोक्याच्या बाजूने पुढे निघून जाते. 'थ्रू द कव्हर्स' म्हणजे दोन चिंचोक्यांच्या मधून, आणि 'ओव्हर मिडऑन'साठी मामा खडू उचलून हवेतून कमान काढत. रेघ चुकली तर ते ताबडतोब कळे, कारण मुलाने चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात थांबवलेला असे आणि समालोचक चौकार मोजत असे. ऐकलेलं बरोबर कळलं की नाही, याचा निकाल सहा-सात सेकंदांत लागतो आणि तो धावफलकच लावतो. वर्गातल्या किती धड्यांना ही सोय असते?

दुसरी गोष्ट पुनरावृत्तीची. षटकात सहा चेंडू, आणि प्रत्येक चेंडूचं वर्णन जवळजवळ एकाच साच्यात येतं. गोलंदाज धावत येतो, टाकतो, चेंडू कुठे पडतो, फलंदाज काय करतो, चेंडू कुठे जातो, किती धावा. 'कम्स इन, बोल्स, आउटसाइड द ऑफ स्टम्प, ड्रिव्हन थ्रू द कव्हर्स, टू रन्स.' साचा तोच, त्यात दोन-तीन शब्द तेवढे बदलतात. दिवसभरात हा साचा शेकडो वेळा कानावरून जातो आणि तरी कंटाळा येत नाही, कारण पुढच्या चेंडूला काय होईल हे कुणालाच माहीत नसतं. संदीप पाटील ऍडलेडला 174 धावा करत होते तेव्हा हा मुलगा प्रत्येक फटक्याचं क्रियापद अधाशासारखं टिपत होता. ड्राइव्ह, कट, पुल आणि हुक यांतला फरक मामा फळकूट हातात घेऊन उभे राहून दाखवत.

मेलबर्नची तिसरी कसोटी फेब्रुवारीत झाली. ऑस्ट्रेलियाला जिंकायला 143 धावा हव्या होत्या. चौथ्या दिवशी करसन घावरींनी ग्रेग चॅपेलला पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत केलं, पण तेव्हा मुलगा शाळेत होता आणि मामा पोस्टात. पाचव्या दिवशी, 11 फेब्रुवारीच्या पहाटे, रेडिओवर आदल्या दिवसाची उजळणी चालली होती. चॅपेल 'बोल्ड राउंड हिज लेग्ज' झाला, हे मुलाने ऐकलं आणि तो अडला. पायांच्या भोवती चेंडू कसा जाईल? मामा तुळशीवृंदावनासमोर फळकूट घेऊन उभे राहिले, डावा पाय ऑफच्या बाजूला सरकवला आणि म्हणाले, "आता माझ्या पायामागून लेगस्टम्प दिसतोय का बघ."

"दिसतोय की, मामा."

"मग तिकडनंच गेला चेंडू."

मुलाने पाटीवर पायाला वळसा घालून जाणारी रेघ काढली. त्या पहाटे मांडीच्या दुखापतीवर वेदनाशामक औषध घेऊन कपिलदेव मैदानात उतरले, त्यांनी 28 धावांत 5 बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाचा डाव 83 वर आटोपला. भारत 59 धावांनी जिंकला. उजळणी भूतकाळात आणि चालू खेळ वर्तमानकाळात, हा फरक त्या सकाळी कुणी न सांगता मुलाच्या कानाला लागला.

मात्र या शिक्षणात एक खोट होती आणि ती पुढच्याच महिन्यात वर आली. वर्गात पावसाळ्यातल्या दिवसावर इंग्रजी निबंध लिहायला दिला होता. मुलाने झोकात लिहिलं: 'डार्क क्लाउड्ज ओव्हर द स्कूल. बॉइज रनिंग. हेडमास्टर कम्स आउट, लुक्स अप.' वहीभर लाल शाई. कर्ते गायब, सहायक क्रियापदं गायब आणि कालचा पाऊस वर्तमानकाळात.

यात मुलाचा आळस नव्हता. समालोचनाची भाषाच तशी असते. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी 1983 साली खेळांच्या निवेदनाच्या भाषेवर निबंध प्रसिद्ध केला, त्यात हीच लक्षणं नोंदवली आहेत. खेळाच्या वेगाशी जुळवून घेताना निवेदक वाक्याच्या सुरुवातीचा कर्ता गाळतो, 'इज'सारखी क्रियापदं गाळतो, क्रम उलटवतो आणि झटपट घडणाऱ्या कृतीसाठी साधा वर्तमानकाळ वापरतो. श्रोत्याला खेळ ठाऊक असल्यामुळे गाळलेलं तो मनात भरून घेतो. निबंधाच्या वाचकाला ती सोय नसते.

मामांना फर्ग्युसन माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण इलाज त्यांना सापडला. गावच्या वाचनालयात मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र उशिरा येई. त्यातलं सामन्याचं वृत्त ते भाच्याला वाचायला लावत. सामना तोच, चेंडू तेच, पण इथे वाक्य पूर्ण, कर्ता जागेवर आणि सगळं भूतकाळात. मग मुलाने एक षटक निवडायचं, आधी समालोचकासारखं बोलून दाखवायचं आणि नंतर तेच षटक वहीत बातमीसारखं लिहायचं. 'कपिल कम्स इन'चं 'कपिल केम इन', 'ड्रिव्हन'च्या मागे कुणी मारला त्याचं नाव. एका षटकाला अर्धं पान पुरे. सगळ्या गोष्टीत मला हीच पायरी सर्वांत मोलाची वाटते, कारण नुसतं ऐकून कान तयार होतो, हात नाही.

आणखी एक उणीव होती. समालोचनात 'तू' नसतो आणि श्रोत्याने उत्तर द्यावं असा प्रश्न क्वचितच असतो. हजारो चेंडू ऐकूनही मुलाला 'मिडऑनला कोण आहे?' हे इंग्रजीत विचारता येत नव्हतं. मामांनी नियम केला: स्कोअर विचारायचा तर इंग्रजीतच. पाणी भरायला उठलेला मुलगा परत येऊन "हू इज आउट?" विचारी, आणि प्रश्न अडखळला तर मामा गप्प राहत. जिवावर येणारी शिक्षा होती ती.

वर्षअखेर इंग्लंडचा संघ भारतात आला. आता आकाशवाणी होती, आणि आकाशवाणीवर हिंदी आणि इंग्रजी समालोचन आळीपाळीने चाले. शिकणाऱ्याला ही रचना अतिशय सोयीची. हिंदीच्या पाळीत सुशील दोशींसारख्या समालोचकांकडून सामना कुठवर आलाय ते पक्कं कळायचं आणि इंग्रजीची पाळी सुरू झाली की अर्थ आधीच हातात असायचा. वानखेडेवर इंग्लंडचा दुसरा डाव 102 धावांत कोसळला तेव्हा मुलाला पाटी लागली नाही. चेंडूंमधल्या फटीत बोलणाऱ्या तज्ज्ञाचं इंग्रजी मात्र अजून कठीण होतं. वर्णन करणारा जे घडतं ते सांगतो. तज्ज्ञ घडलं नाही ते बोलतो: चेंडू सोडून दिला असता तर, क्षेत्ररक्षक मागे असता तर. 'इफ ही हॅड लेफ्ट इट' ही रचना मुलाला पहिल्यांदा कळली ती मदनलालच्या चेंडूवर मामांशी वाद घालताना, आणि तो वाद त्याने अर्धा इंग्रजीत घातला.

हाच उद्योग आज करायचा असेल तर टीव्ही बंद ठेवावा लागेल. चित्र दिसत असताना समालोचक चेंडू कुठे गेला ते सांगतच नाही, कारण ते प्रेक्षकाला दिसतं. तो माजी खेळाडूंशी गप्पा मारतो, आणि त्या गप्पा शिकाऊ कानाला सर्वांत अवघड. रेडिओवाल्याला प्रत्येक रेघ शब्दांनीच काढावी लागते. बीबीसीचं 'टेस्ट मॅच स्पेशल' 1957 पासून हेच करत आलं आहे. टी-ट्वेंटीपेक्षा कसोटी बरी, कारण दोन चेंडूंमधे रेघ ओढायला वेळ मिळतो. रोज तीन-चार षटकं पुरतात, मात्र त्यांतलं एक षटक लिहून काढायला हवं आणि शेजारी प्रश्न विचारायला लावणारं एक माणूस हवं.