तहान आणि छंद

मराठीतला ‘तहान’ हा शब्द संस्कृत ‘तृष्णे’पासून प्राकृत ‘तण्हा’मार्गे आपल्यापर्यंत आला. पाली ग्रंथांत दुःखाचे कारण म्हणून जो शब्द येतो तो हाच, तण्हा. म्हणजे बुद्धाने ज्याला दुःखाचे मूळ म्हटले, तो शब्द आपण रोज पाण्याचा तांब्या हातात घेताना वापरतो. गंमत अशी की तहान हा काही दोष नाही. ती भागते आणि संपते. मग तण्हा दुःखाला कारण कशी होते, असा प्रश्न पडायला हवा. तो न पडताच ‘इच्छा वाईट, इच्छा सोडा’ असे सरसकट वाक्य आपल्या तोंडी बसले आहे. घर चालवणाऱ्या माणसाला या वाक्याचा काहीच उपयोग नसतो. पोरांची फी भरायची इच्छा सोडून कसे चालेल?

हा प्रश्न बुद्धाच्या काळातही विचारला गेला होता. संयुत्त निकायात उण्णाभ नावाच्या ब्राह्मणाची हकीकत आहे. कौशांबीच्या घोषिताराम विहारात तो आनंदाला भेटतो आणि तुम्ही हा ब्रह्मचर्याचा खटाटोप कशासाठी करता, असे विचारतो. आनंद सांगतो, छंद सोडण्यासाठी. त्याचा मार्ग कोणता, असे विचारल्यावर आनंद जी साधना सांगतो तिची सुरुवातही छंदापासूनच होते. उण्णाभ लगेच अडवतो : छंदानेच छंद सोडायचा, तर हे कधी संपणारच नाही. आनंद त्यावर तत्त्वज्ञान सांगत बसत नाही, उलट प्रश्न करतो. या विहारात यायची इच्छा तुला आधी झाली होती ना? आणि इथे पोहोचल्यावर त्या इच्छेचे काय झाले? उण्णाभ कबूल करतो की ती शमली.

या छोट्या संवादात मला साऱ्या विषयाची किल्ली दिसते. विहारात पोहोचल्यावर जी शमते ती एका जातीची इच्छा. पोहोचल्यावर ‘विहार ठीक आहे, पण त्या पलीकडचा अधिक मोठा आहे’ असे जी म्हणते ती दुसऱ्या जातीची. पालीत छंद हा शब्द चांगल्यावाईट दोन्ही अर्थांनी येतो. कामच्छंद म्हटला की तो साधनेतला अडथळा ठरतो, आणि कुशल कर्मासाठीचा छंद हा साधनेचा पाया. तण्हा मात्र जवळपास नेहमीच दुसऱ्या जातीची. तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. विषयांची ती कामतण्हा, अमुक होण्याची आणि टिकून राहण्याची ती भवतण्हा, आणि नकोसे झालेले सारे नाहीसे व्हावे अशी ती विभवतण्हा. तिसरा प्रकार आपण सहसा विसरतो. ‘नको झालाय हा संसार’ असे म्हणून उसासा टाकणाऱ्याला आपण विरक्त समजतो. या हिशेबाने तोही तहानलेलाच आहे.

तण्हेपासून दुःखापर्यंतचा रस्ता कसा जातो, हे दीघ निकायातल्या महानिदान सुत्तात पायरी-पायरीने सांगितले आहे. तण्हेतून शोध, शोधातून लाभ, लाभातून निवाडा (म्हणजे यातले माझे किती, कशासाठी, हे ठरवणे), निवाड्यातून आसक्ती, त्यातून चिकटून बसणे, मग परिग्रह, मग मत्सर आणि कृपणता, त्यातून राखण. आणि राखणीतून काठ्या, शस्त्रे, भांडणे, तू-तू मी-मी, चहाडी आणि खोटे. डॉ. आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या 1957 साली, त्यांच्या निधनानंतर निघालेल्या ग्रंथात तृष्णात्यागाचे विवेचन करताना नेमकी हीच साखळी आधाराला घेतली आणि वर्गसंघर्षाशी तिचा संबंध जोडला, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. तृष्णा ही केवळ एकट्याच्या मनाची व्यथा नव्हे, ती दोन माणसांच्या मधोमध उभी राहते.

ही साखळी घरात आणून पाहू. समजा, कल्याणला दोन खोल्यांत भाड्याने राहणारे एक कुटुंब आहे. मुलगी दहावीला, अभ्यासाला कोपरा नाही. घर हवे ही इच्छा इथे उगवते आणि तिच्यात दोष काढण्यासारखे काही नाही. शोध सुरू होतो, कर्ज होते, तीन खोल्यांचे घर मिळते, मुलीला टेबल मिळते. उण्णाभाची इच्छा इथे शमायला हवी. पण वास्तुशांतीच्या दिवशीच मेहुण्याच्या घराची गॅलरी आठवते. निवाडा सुरू होतो : ही खोली आपली, पाहुणे आले तर बाहेरच्या खोलीत. गावाकडून सासरे महिनाभर येणार म्हटल्यावर नव्या सोफ्याची काळजी वाटू लागते. सोसायटीत गाडी लावायच्या जागेवरून शेजाऱ्याशी बोलणे तुटते. दारात ‘येथे गाडी लावू नये’ अशी पाटी लागते, तिच्याखाली लाल रंगात दुसरी. घर तेच आहे. ते घेणे चुकले नव्हते. तहान भागल्यावरही तांब्या तोंडाला लावलेला राहिला, तिथून बिघडले.

आता या साखळीतल्या एका शब्दाकडे पाहा. राखण, पालीत ‘आरक्ख’. महानिदानात तो भांडणाच्या आधीची शेवटची कडी आहे. पण अंगुत्तर निकायात दीघजाणु नावाच्या कोलिय गृहस्थाला बुद्ध जो उपदेश करतो, त्यात हाच शब्द सद्गुण म्हणून येतो. दीघजाणु अगदी सरळ माणूस. तो सांगतो की आम्ही गृहस्थ, पोराबाळांच्या गर्दीत झोपतो, काशीचे चंदन लावतो, माळा घालतो, सोनेनाणे हाताळतो. आम्हाला इथे आणि पुढे हिताचे होईल असे सांगा. बुद्ध त्याला ‘आधी हे सगळे सोड’ म्हणत नाही. या जन्मीच्या हितासाठी तो चार गोष्टी सांगतो : कष्टाने आणि कौशल्याने मिळवणे, मिळवलेले राखणे, चांगल्या माणसांची संगत आणि समतोल राहणी. धन राजाने नेऊ नये, चोराने नेऊ नये, आगीत जळू नये, पुरात वाहू नये, नावडत्या वारसाने लुबाडू नये, इतक्या बारकाईने राखण सांगितली आहे.

एकच राखण एका ठिकाणी गुण आणि दुसऱ्या ठिकाणी कलहाचे बीज कशी? फरक तिच्या मागच्या पायरीत आहे. दीघजाणुच्या यादीत राखणीच्या आधी कष्ट आहेत आणि नंतर संगत आणि समतोल. महानिदानात तिच्या आधी कृपणता आहे. कुलूप दोघांच्याही दाराला आहे. एकाच्या घरात ते रात्री लागते, दुसऱ्याच्या मनात दिवसाही.

समतोल राहणी समजावताना तिथे तराजू धरणाऱ्याचा दाखला येतो. तागडी किती झुकली, किती उचलली, हे त्याला धरल्याबरोबर कळते, तसे गृहस्थाला आपली मिळकत आणि खर्च कळला पाहिजे. मिळकत थोडी आणि थाट मोठा, तर लोक म्हणतात हा उंबरे खाणाऱ्यासारखे धन खातो, म्हणजे चार फळांसाठी झाड हलवून ढीग वाया घालवतो. मिळकत मोठी आणि राहणी कदान्नाची, तर म्हणतात हा उपाशी मरणार. दुसरा टोमणा महत्त्वाचा आहे. चिक्कूपणाला इथे वैराग्याचा मान मिळत नाही.

तराजू धरणारा हा शब्द पालीत ‘तुलाधार’ असा आहे, आणि तो वाचताना मला महाभारताच्या शांतिपर्वातला वाराणसीचा वाणी आठवल्याशिवाय राहत नाही. त्याचे नावच तुलाधार. जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहतो की पक्षी त्याच्या जटांत घरटे करतात; पिले उडून जाईपर्यंत तो हलत नाही. मग त्याला वाटते, धर्म मला साधला. तेव्हा अदृश्य वाणी सांगते की तू वाराणसीच्या तुलाधाराच्या बरोबरीचा नाहीस. जाजली दुकानाशी जातो. समोर माल विकणारा माणूस. तो सांगतो की माझी तागडी सर्वांना सारखी असते. जाजलीने अन्न, निवारा, सारे सोडले होते. ‘मी सिद्ध झालो’ ही तहान तेवढी राहिली होती. बुद्धाच्या भाषेत ती भवतण्हा. दुकानदाराने दुकान सोडले नव्हते.

हिंदू परंपरेत काम हा चार पुरुषार्थांपैकी एक आहे, हे विसरून चालत नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात तर भगवंत धर्माला न सोडणारा काम हे आपलेच रूप म्हणून सांगतात, आणि तिसऱ्या अध्यायात कामाला वैरी म्हणतात. हा विरोध वाटतो, पण प्रश्न आरक्खसारखाच आहे. दुसऱ्या अध्यायातली साखळी पाहिली की उलगडतो. विषयाचे चिंतन, त्यातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, मग मोह, स्मृतिभ्रंश आणि बुद्धिनाश. महानिदानाच्या साखळीत तण्हेच्या आधी वेदना, म्हणजे सुखद-दुःखद जाणीव येते. गीतेत कामाच्या आधी चिंतन, म्हणजे घोळवणे येते. मेहुण्याची गॅलरी आवडली, इथे काही बिघडत नाही. ती रात्री अंथरुणात पुन्हापुन्हा पाहिली, तिथे संग सुरू होतो.

काम मनात लपतो, क्रोध लपत नाही. म्हणून गृहस्थाला स्वतःची परीक्षा करायला क्रोध ही सोयीची खूण आहे. एखादी गोष्ट अडली तेव्हा फक्त वाईट वाटले, की अडवणाऱ्याचा राग आला? मुलीच्या टेबलासाठी कर्ज नाकारले गेले तर आपण दुसऱ्या बँकेत जातो. गाडीच्या जागेवरून मात्र आपण जिना उतरून भांडायला जातो.

दोन्ही परंपरा इथवर बरोबर चालतात आणि पुढे वेगळ्या होतात. वेदान्ताला कामाच्या मुळाशी आत्म्याविषयीचे अज्ञान दिसते. आपण पूर्ण आहोत हे कळले की मागणे थांबते. बौद्ध मतात असा पूर्ण ‘मी’ कुठे सापडतच नाही, आणि तो धरून ठेवण्याची धडपड हीच तहान. या भांडणाचा निकाल लावणे गृहस्थाच्या रोजच्या व्यवहाराला आवश्यक नाही, असे माझे मत. लोकमान्यांचा आक्षेप मात्र ऐकायला हवा. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ते सुखदुःखाचा विचार करताना म्हणतात की सगळे सुखदुःख तृष्णेतूनच येते हे खरे नाही; आधी इच्छा नसतानाही गोड चव सुख देते. हे बरोबरच आहे. तापाने फणफणलेल्या मुलाचे दुःख तृष्णेचे नाही, आणि त्याला ‘इच्छा सोड’ म्हणणे क्रूरपणाचे. तृष्णेचा सिद्धांत अशा दुःखावरचे औषध नाही. त्या मुलाच्या उशाशी बसलेल्या आईच्या मनात ‘माझ्याच वाट्याला हे का’ म्हणून जे उठते, तिथे त्याचा काही उपयोग असला तर असतो. आणि तोही ताप उतरल्यावर, आधी नाही.