आवाज मोठा, छिद्र लहान

टू-डी इकोच्या कागदावर तळाशी एक ओळ असते: पडद्याच्या स्नायूच्या भागात व्हीएसडी, दोन मिलिमीटर, प्रवाह डावीकडून उजवीकडे. बाळ जेमतेम दोन दिवसांचं असतं, घरी जायची तयारी चाललेली असते. डॉक्टर म्हणतात, "बारीक छिद्र आहे, दीड महिन्याने परत दाखवा." आईबाप गोंधळतात. हृदयाला भोक आहे म्हणता आणि वर दीड महिना थांबायला सांगता, हे कसं?

हा दीड महिना डॉक्टरांच्या सोयीने ठरलेला नसतो. तो बाळाच्या फुप्फुसांनी ठरवलेला असतो.

हृदयाचे खालचे दोन कप्पे एका जाड पडद्याने वेगळे झालेले असतात. डावा कप्पा सगळ्या शरीराला रक्त ढकलतो, उजवा फक्त फुप्फुसांना. गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांत हा पडदा वेगवेगळ्या तुकड्यांतून जुळत जातो. कुठे जोड अपुरा राहिला की तिथे छिद्र उरतं. यालाच व्हीएसडी म्हणतात. पोटात असताना बाळाची फुप्फुसं श्वासाचं काम करत नसतात, त्यांच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, त्यामुळे उजव्या कप्प्यालाही डाव्याइतकाच जोर लावावा लागतो. दोन्ही बाजूंचा दाब सारखा, म्हणून छिद्र असूनही त्यातून रक्त फारसं वाहतच नाही.

"मग पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत का नाही दिसलं?" या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. तेव्हा बाळाचं अख्खं हृदय जेमतेम दोन सेंटिमीटरचं असतं. त्यात मिलिमीटरभराची फट, आणि तिच्यातून प्रवाह नाही म्हणून डॉपलरच्या रंगातही ती उठून दिसत नाही. अशी बारीक छिद्रं त्या तपासणीत निसटणं अगदी सामान्य आहे. त्यात सोनोग्राफी करणाऱ्याचा निष्काळजीपणा शोधण्यात अर्थ नाही.

जन्मल्यावर बाळ रडतं, फुप्फुसं उघडतात आणि त्यांच्या रक्तवाहिन्या सैल पडू लागतात. पण हे एका दिवसात पूर्ण होत नाही. फुप्फुसांकडचा दाब पूर्ण उतरायला सहा ते आठ आठवडे जातात. तो जसजसा उतरतो, तसतसं डाव्या कप्प्यातलं रक्त छिद्रातून उजवीकडे जाऊ लागतं आणि फुप्फुसांना गरजेपेक्षा जास्त रक्त पोचतं. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या इकोत छिद्र दिसतं, पण त्याचा बाळावर काय परिणाम होणार हे त्या दिवशी पुरतं कळत नाही, कारण तो परिणाम अजून सुरूच झालेला नसतो.

एक उदाहरण घेऊ. जन्मवजन 2.9 किलो. दुसऱ्या दिवशी इकोत दोन मिलिमीटरचं छिद्र, त्यातून जाणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला 2 मीटर. डॉक्टर त्या वेगाचा वर्ग करून चारने गुणतात, की दोन कप्प्यांतल्या दाबाचा फरक मिळतो. इथे तो पारा 16 मिलिमीटर. दीड महिन्याने तेच बाळ येतं. वजन 3.8 किलो, दूध वीस मिनिटांत पिऊन झोपतं. पण आता स्टेथोस्कोप लावताच खरखरीत मर्मर ऐकू येतो, जो जन्मतः नव्हता. आईच्या काळजाचं पाणी होतं, कारण नसलेला आवाज आता आला. इकोत वेग 3.8 मीटर, म्हणजे दाबाचा फरक सुमारे 58. आणि डॉक्टर कागद बघून चक्क समाधानाने मान हलवतात.

कारण हा मोठा फरक सांगतो की उजव्या बाजूचा दाब व्यवस्थित खाली आला आहे आणि छिद्र इतकं अरुंद आहे की डावीकडचा जोर पलीकडे पोचू देत नाही. नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाण्याची धार जोरात आणि आवाज करत उडते, पण बादलीत पाणी मात्र थोडंच पडतं. लहान छिद्राचंही तसंच. फ्रेंच वैद्य आंरी रोजे यांनी 1879 मध्येच हे टिपून ठेवलं होतं: छातीत ठळक आवाज, पडद्याला छिद्र, आणि तरी तब्येत ठणठणीत. आजही अशा लहान छिद्राला त्यांचं नाव देतात.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. मोठ्या छिद्रात रक्त अडखळत नाही, म्हणून सुरुवातीला आवाज जवळजवळ नसतो. नवजात बाळाच्या महाधमनीचं तोंड साधारण सात-आठ मिलिमीटरचं असतं. छिद्र त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी असेल तर लहान, त्याच्या जवळपास असेल तर मोठं, असा ढोबळ हिशेब डॉक्टर करतात. सहा मिलिमीटरचं छिद्र असलेलं बाळ तिसऱ्या दिवशी गुलाबी, शांत, आवाजाविना घरी जातं. पाचव्या आठवड्यात मात्र ते अंगावर पिताना दर दोन घोटांनी थांबतं, कपाळावर घाम येतो, एकदा पाजायला पाऊण तास लागतो, झोपेतही बरगड्यांखालची कातडी श्वासाबरोबर आत ओढली जाते. वजन 2.8 वरून जेमतेम 3 किलो. पुष्कळ घरांत याला "अशक्त बाळ, दूध पुरत नाही" असं म्हणून आईलाच बोल लावला जातो.

तेव्हा या दीड महिन्यात आईवडिलांनी बघायचं ते छातीतलं नव्हे, पाजण्यातलं आणि वजनातलं. दहाव्या दिवसाच्या सुमारास बाळ जन्मवजनावर परत आलं पाहिजे, आणि त्यापुढे रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढलं पाहिजे. अंगणवाडीतला किंवा उपकेंद्रातला वजनकाटा चालेल, फक्त दर वेळी तोच असावा. गाढ झोपेत असताना एक पूर्ण मिनिट श्वास मोजा. पुन्हापुन्हा साठच्या वर येत असेल, पिताना घाम येत असेल, वजन अडलं असेल, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. ओठ-जीभ निळसर दिसली तर त्याच दिवशी न्या. साध्या लहान व्हीएसडीत बाळ निळं पडत नाही, म्हणजे कारण वेगळं असू शकतं.

बहुतेकांच्या बाबतीत हे काही घडत नाही. इस्रायलमधल्या नहारिया इथल्या डॉक्टरांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काही त्रास नसतानाही 1,053 नवजात बाळांचा इको केला. 56 बाळांच्या पडद्याच्या स्नायूत छिद्र सापडलं, म्हणजे वीसातलं एक. एकालाही लक्षणं नव्हती, आणि ज्यांचा पाठपुरावा झाला त्यांच्यातल्या दहांपैकी जवळपास नऊ जणांची छिद्रं दहा महिन्यांच्या आत बुजली. पूर्वी अशी मुलं कधी कळायचीच नाहीत. आज यंत्र चांगलं झालं म्हणून ती कागदावर येतात.

छिद्र बुजतं कसं, ते कुठे आहे यावर ठरतं. स्नायूच्या भागातलं असेल तर बाळाबरोबर स्नायू जाड होत जातो आणि फट आवळून टाकतो. पडद्याच्या वरच्या पातळ भागात असेल, तर शेजारच्या झडपेचा पापुद्रा छिद्राला येऊन चिकटतो आणि हळूहळू ते झाकतो. अशा वेळी इकोच्या कागदावर ‘अ‍ॅन्युरिझम’ हा शब्द येतो आणि मेंदूतल्या रक्तस्रावाच्या गोष्टी ऐकलेले आजोबा हादरतात. इथे त्याचा अर्थ बहुधा छिद्र बुजायला लागल्याचा असतो. याला वेळ जास्त लागतो, काही वर्षंसुद्धा. तिसरी जागा म्हणजे मोठ्या धमन्यांच्या अगदी खाली. हा प्रकार पाश्चात्त्यांपेक्षा आशियाई मुलांत जास्त दिसतो. हे छिद्र लहान असलं तरी आपोआप बुजण्याची आशा धरू नये, कारण महाधमनीच्या झडपेचा एक पापुद्रा त्यात ओढला जाऊन झडप गळू लागू शकते. म्हणून कागदावर नुसते मिलिमीटर पाहून सोडू नका. "छिद्र पडद्यात नेमकं कुठे आहे?" हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

त्याच कागदावर पीएफओ आणि पीडीए अशी आणखी दोन नावं असली तर "तीन-तीन छिद्रं" असं धरून बसू नका. गर्भात त्या दोन वाटा प्रत्येकाला लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या थोड्या उघड्या दिसणं नवल नाही.

मोठ्या छिद्राच्या बाळाला आधी औषधं देतात: लघवीवाटे जास्तीचं पाणी काढणारी, हृदयावरचा भार हलका करणारी. शिवाय कमी दुधात जास्त उष्मांक जातील असा आहार. तरी वजन सरकत नसेल तर साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात शस्त्रक्रिया करून छिद्रावर ठिगळ लावतात. "मूल मोठं होऊ दे, मग बघू" हे इथे महागात पडतं. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं जादा दाब सोसून कायमच्या कडक झाल्या की प्रवाह उलटतो, आणि मग छिद्र बंद करणंच धोक्याचं होतं. खर्चाची चिंता असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या बाल आरोग्य पथकाकडे जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष येतात, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशीही तिथेच करता येते.

घरात आणखी एक प्रश्न दबक्या आवाजात फिरतो: ग्रहण पाळलं नाही का, पपई खाल्ली का? यांतल्या कशानेही पडद्याला छिद्र पडत नाही. बहुतेक बाळांत कारण सापडतच नाही. आईचा ताब्यात नसलेला मधुमेह, गरोदरपणातला रुबेला, डाऊन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष ही माहीत असलेली कारणं आहेत. पुढच्या बाळाला हृदयदोष असण्याची शक्यता शंभरात साधारण तीन असते. त्या गरोदरपणात अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान गर्भाच्या हृदयाचा खास इको करून घ्यावा.

आपल्या उदाहरणातल्या बाळाचं पुढचं असं. सहाव्या महिन्यात छिद्र मिलिमीटरभर उरलं, आवाज बारीक आणि आखूड झाला. अकराव्या महिन्यात इकोत रंगाची धार दिसलीच नाही. मधल्या काळात त्याला एकही औषध लागलं नाही, लसी सगळ्या वेळेवर दिल्या, रडू दिलं, रांगू दिलं. फाइलमध्ये पहिला इको तेवढा जपून ठेवलेला आहे, कारण पुढे कधी ताप आला आणि नव्या डॉक्टरांनी छाती तपासली तर त्यांना आधी काय होतं हे दाखवता येईल.