रात्रीचा हिशेब आधी, पॅनेल नंतर

घडी घालून गाडीच्या डिकीत ठेवता येणारं सौर पॅनेल आणि सोबत हँडल असलेली एक जाडजूड पेटी, म्हणजे ‘पॉवर स्टेशन’. तंबू घेऊन भटकणाऱ्यांमध्ये ही जोडी आता बरीच दिसते. घेताना मात्र बहुतेकांची सुरुवात ‘किती वॅटचं पॅनेल घेऊ?’ या प्रश्नाने होते आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते. पॅनेलचा आकडा सर्वांत शेवटी ठरवायचा असतो. आधी बघायचं ते एवढंच, की सूर्य नसताना आपल्याला किती वीज लागते.

डिसेंबरअखेरची एक सहल डोळ्यांपुढे ठेवू. दोन माणसं, एक गाडी, गुहागरच्या किनाऱ्यालगत एखाद्या वाडीत पाच दिवस तंबू. सोबत दोन फोन, एक लॅपटॉप, कॅमेरा, एक एलईडी कंदील आणि रात्रीसाठी यूएसबीवर चालणारा छोटा पंखा.

वीज मोजायची ती वॅट-तासांत. घराच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. दोन्ही फोन रोज पूर्ण भरायचे तर चार्जिंगमधली गळती धरून ४० वॅट-तास लागतात, लॅपटॉप एकदा भरायला ७० आणि कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्यांना मिळून ३०. कंदील ५ वॅटचा असेल आणि पाच तास लावला तर २५, पंखा ५ वॅटचा आणि आठ तास चालला तर ४०. बेरीज २०५. म्हणजे दोघांची चोवीस तासांची गरज युनिटच्या पाचव्या हिश्श्याएवढीच आहे.

पेटीवर छापलेली सगळी वीज मात्र हाती लागत नाही. आतला व्होल्टेज बदलताना काही वाया जाते, काही पेटीचं स्वतःचं सर्किट खातं. काळजीने वापरलं तर छापील आकड्याच्या ८५ टक्के मिळतात. २०५ हवे असतील तर पेटीत २४० असायला हवेत. बाजारात २५६ वॅट-तासांची पेटी सहज मिळते, पण ती एका दिवसाला जेमतेम पुरते. एक दिवस जरी ढगाळ गेला तरी अडचण नको म्हणून दोन दिवसांची सोय धरली, की हिशेब ४८० वर जातो आणि ५१२ ची पेटी योग्य ठरते. किनाऱ्यावरच्या हिवाळ्यात दोन दिवसांपलीकडे तजवीज करायची मला गरज वाटत नाही. सह्याद्रीतल्या पावसाळ्यात मात्र दाट ढगांखाली पॅनेल छापील क्षमतेच्या दहा-वीस टक्के देतं. तिथे ते ओझं न्यायचंच कशाला? घरून भरलेली मोठी पेटी न्यावी.

क्षमता वॅट-तासांऐवजी एमएएचमध्ये लिहिली असेल तर आकडा फसवा वाटू शकतो. पॉवर बँकवरचे २०,००० एमएएच हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलच्या हिशेबाने असतात. गुणाकार केला की होतात ७४ वॅट-तास. विक्रेता वॅट-तासांचा आकडा देत नसेल तर तो मागून घ्यावा. विमानप्रवासातही हाच आकडा बघतात. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी हातातल्या सामानात चालते, १०० ते १६० दरम्यान विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची चालतच नाही. त्यामुळे या लेखातल्या पेट्या गाडीने फिरणाऱ्यांच्याच कामाच्या आहेत.

आता पॅनेल. ‘१०० वॅट’ हा आकडा प्रयोगशाळेतला असतो: दर चौरस मीटरवर १००० वॅट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. उन्हात ठेवलेल्या काळ्या पॅनेलचं तापमान हिवाळ्यातही ५०-५५ अंशांवर जातं. सिलिकॉनचा सेल जसा तापतो तसा त्याचा व्होल्टेज उतरतो आणि दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के शक्ती कमी होते. म्हणजे नुसत्या उष्णतेने दहा टक्के गेले. कोन पूर्ण जुळत नाही, हवेत धुरकं असतं, पृष्ठभागावर खारट थर बसतो, वायरमध्ये आणि पेटीच्या चार्जिंग सर्किटमध्ये थोडं जातं. हे सगळं धरून चांगल्या उन्हात पेटीच्या पडद्यावर ६५ ते ७० वॅट दिसले तर पॅनेल उत्तम आहे असं समजावं. शंभर दिसत नाहीत म्हणून ते सदोष ठरत नाही.

यात आपल्या हातात असतो तो कोन, आणि तिथेच सर्वांत जास्त नुकसान होतं. २१ डिसेंबरच्या सुमारास गुहागरला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून फक्त ४९ अंशांवर असतो, दक्षिणेला. पॅनेल वाळूवर आडवं पसरलं तर त्याला प्रकाशाचा पाऊण हिस्साच मिळतो. चाळीस अंशांनी उभं करून दक्षिणेकडे तोंड केलं तर पूर्ण मिळतो. कोन मोजायला उपकरण लागत नाही. पॅनेलच्या कडेवर एक पेन काटकोनात उभं धरावं आणि त्याची सावली जवळजवळ नाहीशी होईपर्यंत पॅनेल हलवावं. सकाळी तोंड आग्नेयेला, दुपारी दक्षिणेला, नंतर नैऋत्येला: दिवसातून एवढे तीन बदल पुरेसे आहेत. आणि कोकणात खरी माध्यान्ह घड्याळाच्या बाराला नसते. आपली प्रमाणवेळ पूर्वेकडच्या रेखांशावरून ठरलेली असल्यामुळे गुहागरला सूर्य साडेबारा उलटून पाच मिनिटं झाल्यावर माथ्याच्या रेषेवर येतो. जेवणासाठी पॅनेल आवरून निघायचं असेल तर ते अकराला नव्हे, दोननंतर आवरावं.

दुसरा शत्रू सावली. किनाऱ्याला सुरूची झाडं असतात, वाडीत माड. सुरूची सावली इतकी विरळ, की तिथे ऊन आहे असंच वाटतं. पण पॅनेलमधले सेल मालिकेत जोडलेले असतात आणि सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. माडाच्या एका झावळीची सावली दोन-तीन सेलवर आडवी पडली, तर त्यांच्यातून जेवढा प्रवाह निघेल तेवढाच त्या संपूर्ण मालिकेचा होतो. बायपास डायोड असतील तर सावलीतला भाग वगळला जातो आणि उरलेला काम करत राहतो, पण पॅनेलचा तेवढा तुकडा गेलाच. म्हणून पेटीच्या पडद्यावर नजर ठेवून पॅनेल हातभर इकडे-तिकडे सरकवून बघावं. आकडा एकदम निम्म्यावर आला, तर ढगाचा विचार करण्याआधी वर कोणती फांदी आहे ते बघावं. ढगाने आकडा सावकाश उतरतो. फांदी वाऱ्याने हलली की तो नाचतो.

मुक्कामाच्या ठिकाणी पॅनेल पूर्ण उन्हात राहील असे चार तास धरले, तर १०० वॅटचं पॅनेल रोज सुमारे २७० वॅट-तास देईल. आपली गरज २४० ची. म्हणजे ५१२ ची पेटी आणि १०० वॅटचं पॅनेल एवढं या दोघांना पुरे, थोडं उरेलही. यापेक्षा मोठं पॅनेल घेण्याआधी पेटी सौर बाजूने किती वॅट स्वीकारते ते वाचावं. अनेक लहान पेट्या शंभराच्या आसपास थांबतात आणि २०० वॅटचं पॅनेल लावलं तरी त्याहून जास्त घेत नाहीत.

व्होल्टेजची मर्यादा याहून महत्त्वाची, कारण तिथे पेटी जळू शकते. १०० वॅटच्या घडीच्या पॅनेलचा मोकळा व्होल्टेज, म्हणजे काहीही जोडलेलं नसतानाचा, २२ ते २४ च्या घरात असतो. पेटीची मर्यादा २८ किंवा ३० व्होल्ट असेल आणि कुणी उत्साहाने दोन पॅनेल मालिकेत जोडली, तर ४४-४८ व्होल्ट आत जातात. अशा पेटीला दोन पॅनेल लावायचीच तर समांतर जोडणीची वाय आकाराची वायर वापरावी. त्यात व्होल्टेज तेवढाच राहतो, प्रवाह वाढतो. थंडीत हा व्होल्टेज आणखी चढतो. लडाखमधल्या उणे तापमानाच्या सकाळी तो दहा टक्के जास्त मिळू शकतो, म्हणून मर्यादेला अगदी चिकटून खरेदी करू नये.

आता याच सहलीत गाडीतला १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रीज आला तर चित्र पार बदलतं. तो चालू असताना ४५ वॅट घेतो, पण सतत चालत नाही. सावलीत ठेवला तर साधारण एक तृतीयांश वेळ. तरी चोवीस तासांत ३६० वॅट-तास होतात, म्हणजे बाकीच्या सगळ्या वस्तूंच्या पावणेदोनपट. एकूण ५६५, पेटीतून काढायचे ६६५. दुपारी चार ते सकाळी नऊ या बिनसूर्याच्या सतरा तासांतच फ्रीज आणि इतर वापर मिळून साडेपाचशेच्या आसपास जातात, तेव्हा ५१२ ची पेटी पहाटे मान टाकणार. १०२४ ची घ्यावी, तिच्यात दीड दिवस निघतो. पॅनेल २०० वॅटचं घेतलं तर चार तासांत साडेपाचशेच्या जवळ मिळतात. उरलेले सव्वाशे गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून घ्यावेत. तो साधारण १०० वॅट देतो, तेव्हा दिवसातला सव्वा तासाचा प्रवास पुरतो. त्यासाठी ३०० वॅटचं पॅनेल वाहून न्यायची गरज नाही. १०२४ ची लिथियम आयर्न फॉस्फेटची पेटीच बारा-चौदा किलोची असते, गाडीपासून तंबूपर्यंत ती उचलायची असते. वजनाला जड असली तरी मी याच प्रकारची बॅटरी निवडेन, कारण ती हजारो वेळा भरता-रिकामी करता येते आणि तापली तरी तुलनेने शांत राहते.

एवढा हिशेब करूनही पेटी लवकर संपत असेल तर एसीचं बटण बघावं. घरातला प्लग लावता यावा म्हणून आत जो इन्व्हर्टर असतो, तो काहीही जोडलेलं नसतानाही मध्यम पेटीत १०-१५ वॅट खात बसतो. बटण दिवसभर चालू राहिलं तर तीनशेच्या आसपास वॅट-तास गेले, म्हणजे फ्रीज नसलेल्या आपल्या दोघांच्या रोजच्या गरजेपेक्षा जास्त. ओळखण्याची खूण सोपी आहे: पडद्यावर बाहेर जाणारी वीज शून्य दिसते, तरी टक्के उतरत राहतात. फोन आणि लॅपटॉप यूएसबी-सीवर, फ्रीज १२ व्होल्टच्या सॉकेटवर लावावा आणि एसी गरजेपुरतंच सुरू करावं.

विजेच्या किटलीचा मोह टाळावा. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला निव्वळ उष्णताच ८७ वॅट-तास लागते, गळती धरून ११० च्या घरात. एका वेळच्या चहाला दोघांच्या दिवसाच्या विजेतली निम्मी खर्ची पडते. शिवाय हजार-दीड हजार वॅटची किटली लावताच लहान पेटी बंदच पडते. चहाला गॅसची छोटी शेगडी न्यावी.

पेटी उन्हात ठेवू नये, बंद गाडीत तर नाहीच. बॅटरी साधारण ४५ अंशांवर गेली की चार्जिंग आपोआप थांबतं, शून्याखाली गेली तरी थांबतं, किंवा चांगल्या पेटीत थांबायला हवं. सर्वांत सोयीची जागा म्हणजे तिरक्या उभ्या केलेल्या पॅनेलच्या मागची सावली. वायरही तिथे सहज पोचते.

निघण्याच्या आठवडाभर आधी, परत करण्याची मुदत बाकी असताना, गच्चीवर निरभ्र दिवशी साडेबाराच्या सुमारास पॅनेल पेनाच्या सावलीने जुळवून लावावं आणि पेटी तीस ते साठ टक्के भरलेली ठेवावी, कारण भरत आलेली पेटी स्वतःहून कमी वीज घेते. पडद्यावरचा आकडा छापील वॅटच्या साठ टक्क्यांच्या वर असेल तर काम झालं. पन्नासच्याही खाली असेल तर आधी वायर बदलून बघावी, मग पेटीची सौर मर्यादा तपासावी. दोन्ही ठीक असूनही आकडा हलत नसेल, तर दोष पॅनेलमध्ये आहे आणि ते दुकानात परत द्यावं.