“काय झालं, चिडलीयेस का?”: चेहरा नेमका कुठे आवळला जातो?

आपण निवांत बसलेलो असतो आणि समोरचा विचारतो, “दमलायस का?” किंवा “राग आलाय का?” असं तुमच्याही बाबतीत होत असेल, तर आजचा भाग तुमच्यासाठी.

आधी पुरावा गोळा करू. फोन कुठेतरी टेकवून ठेवा, सेल्फी व्हिडिओ सुरू करा आणि दोन मिनिटं काहीतरी वाचत बसा. पहिलं मिनिट सोडून द्या, कारण तेव्हा आपण कॅमेऱ्यासाठी बसलेलो असतो. दुसऱ्या मिनिटात तीन जागा बघा: भुवयांच्या मधे, पापण्या आणि ओठांचे कोपरे.

समजा, भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा दिसल्या. तिथला स्नायू भुवया आत आणि खाली ओढतो. डार्विननं १८७२ च्या पुस्तकात लिहिलं होतं की विचार करताना काही अडलं की माणसाच्या कपाळाला आठी पडते. म्हणजे तुम्ही फक्त लक्ष देऊन वाचत असता, पण बघणाऱ्याला वाटतं राग आलाय! तिथे बोट हलकं टेकवा, मुद्दाम आठी घाला, तीन सेकंदांनी सोडा. सुटल्यावर कसं वाटतं, ते लक्षात ठेवा. भुवया वर मात्र उचलू नका, नाहीतर चेहरा दचकल्यासारखा दिसतो.

पण आठी पुन्हा पुन्हा येत असेल, तर कारण डोळ्यांत शोधा. अक्षरं बारीक असली किंवा स्क्रीनवर उजेड चमकत असला की आपण डोळे बारीक करतो आणि भुवया सोबत खाली येतात. अक्षरं मोठी करा, उजेडाची दिशा बदला. तरीही डोळे बारीक होत असतील, तर नंबर तपासून घ्या. नंबर असताना चष्मा नसेल, तर नुसत्या सवयीनं आठी जाणार नाही.

आता तोंड. ओठ मिटलेले, पण वरचे-खालचे दात एकमेकांना न टेकलेले, आणि जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला हलकी टेकलेली, ही जबड्याची आरामाची स्थिती. दात आवळले की ओठही घट्ट होतात आणि चेहरा करडा दिसतो. मुद्दाम हसू धरून ठेवू नका. ते टिकत नाही, गाल मात्र दुखतात.

फोन अनलॉक केला की एकदा “भुवया, डोळे, दात” तपासायचं, एवढंच करा. दोन आठवड्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा व्हिडिओ घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

आणि हो, काहींच्या ओठांचे कोपरे जन्मतःच खाली वळलेले असतात. ती ठेवण आहे, सवयीनं ती बदलत नाही. पण पापणी संध्याकाळी जास्त जड होऊन खाली येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. चेहऱ्याची एक बाजू अचानक लोंबली, तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा.