स्वप्नाची तालीम

वाईट स्वप्न पडून दचकून उठणे कुणालाच नवे नाही. माणूस पाणी पितो, कूस बदलतो आणि सकाळपर्यंत स्वप्न विसरूनही जातो. भीषण अपघात, अत्याचार, आग किंवा युद्ध यांतून वाचलेल्यांची स्वप्ने मात्र अशी विरत नाहीत. तेच दृश्य, तोच आवाज, कधी तोच वासही महिनोन् महिने परत येत राहतो. मग झोपेचीच धास्ती बसते. मूळ आघातावर उपचार घेऊन दिवस बरे जाऊ लागले, तरी रात्र सुटत नाही असेही अनेकांच्या बाबतीत घडते. अशा स्वप्नांवर ‘इमेजरी रिहर्सल थेरपी’ नावाचा उपचार आहे. यात रुग्ण दिवसा, पूर्ण जागेपणी, आपले स्वप्न स्वतः बदलतो आणि बदललेल्या स्वप्नाची मनात रोज तालीम करतो.

उदाहरणासाठी एक ट्रकचालक घेऊ. तो कुणी एक खरा रुग्ण नाही, अशा रुग्णांत दिसणाऱ्या लक्षणांवरून बेतलेला आहे. वय बेचाळीस. दोन वर्षांपूर्वी खंबाटकी घाटात त्याची गाडी उलटून पेटली. तो फुटलेल्या काचेतून बाहेर पडला, क्लीनर आतच राहिला. आता आठवड्यातल्या चार-पाच रात्री तो घामाघूम होऊन उठतो. एका स्वप्नात केबिनचे दार उघडत नाही आणि आतून कुणीतरी पत्रा बडवत असते. दुसऱ्यात उतार लागतो, मागून हॉर्न वाजतो आणि ब्रेक सापडत नाही. झोप लागू नये म्हणून तो रात्री दोनपर्यंत ओट्यावर बसून राहतो.

बहुतेक ठळक स्वप्ने झोपेच्या ‘रेम’ टप्प्यात पडतात. हा टप्पा पहाटेकडे लांबत जातो, म्हणून दुःस्वप्नेही बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात येतात आणि जाग आल्यावर स्पष्ट आठवतात. या उपचारामागची धारणा अशी की, सुरुवातीला ही स्वप्ने आघात पचवण्याच्या मनाच्या धडपडीतून येत असतील. पण पुढे त्यांची सवयच होते. आणि सवय असेल तर मूळ घटना पुन्हा न उगाळताही ती मोडता येते. मला या उपचाराचे सर्वांत मोठे मोल इथेच वाटते. ज्याला झालेले सांगायला तोंड उघडवत नाही, त्यालाही हा उपचार घेता येतो.

लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ आयझॅक मार्क्स यांनी 1978 साली एका रुग्णाचे जुने दुःस्वप्न अशा तालमीने सुटल्याची नोंद प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमध्ये बॅरी क्रॅकाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रीतसर पद्धत बसवली. लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या 168 स्त्रियांवरचा त्यांचा अभ्यास 2001 मध्ये आला. त्यात जेमतेम तीन बैठकींच्या या उपचाराने दुःस्वप्ने कमी झाली, झोप सुधारली आणि दिवसाची लक्षणेही हलकी झाली.

उपचाराआधी काही गोष्टी तपासाव्या लागतात. रुग्ण मोठ्याने घोरत असेल आणि झोपेत त्याचा श्वास अडकत असेल, तर स्लीप ॲप्नियाची तपासणी हवी. तो बरा झाल्यावर दुःस्वप्ने कमी झाल्याचे दिसते. प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या, काही नैराश्यविरोधी औषधे, किंवा रोजची दारू एकाएकी सोडणे यांमुळेही भयंकर स्वप्ने पडतात. झोपेत कुणी खरोखर लाथा झाडत, ठोसे मारत असेल, तर तो वेगळा विकार असू शकतो. सतत वाईट स्वप्ने पडणाऱ्यांच्या मनात आत्महत्येचे विचार अधिक आढळतात, म्हणून तेही थेट विचारायला हवे. तसे विचार येत असतील तर स्वप्नाचे काम थांबवून आधी त्यांची दखल घ्यायची. सरकारच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर अशा वेळी चोवीस तास बोलता येते.

पहिल्या बैठकीत आपल्या चालकाच्या हाती एक वही येते. रोज सकाळी दोन ओळी लिहायच्या: रात्री किती दुःस्वप्ने पडली, आणि शून्य ते दहामध्ये त्रास किती झाला. स्वप्नाचा मजकूर लिहायचा नाही. ही वही पुढे फार कामी येते, कारण दोन वाईट रात्रींनंतर माणसाला काहीच फरक पडला नाही असे वाटते आणि वही वेगळे सांगते.

मग आठवडाभर फक्त सुखद दृश्य मनात आणण्याचा सराव असतो. आपला चालक गावच्या विहिरीची थारोळी निवडतो. रोज पाच-दहा मिनिटे पाण्याचा आवाज, पायाखालचा गार दगड, उन्हाचा वास हे सगळे मनात उभे करायचे. ही पायरी गाळण्याचा मोह होतो, पण ती गाळू नये. आघात झालेल्या अनेकांना डोळे मिटले की नको ते दिसते. तसे झाले की डोळे उघडायचे, जमिनीवर पाय टेकवायचे, खोलीतल्या चार वस्तूंची नावे घ्यायची आणि मग पुन्हा विहिरीकडे यायचे. मनातले चित्र आपण थांबवू शकतो, बदलू शकतो, हा विश्वास इथे येतो. तो आल्याशिवाय स्वप्नाला हात लावायचा नाही.

त्यानंतर स्वप्न निवडायचे. सर्वांत भयंकर स्वप्न आधी घ्यायचे नाही, आणि घडलेल्या प्रसंगाची हुबेहूब नक्कल असलेले तर नाहीच. म्हणून जळत्या केबिनचे स्वप्न बाजूला राहते आणि ब्रेक न सापडण्याचे निवडले जाते. ते थोडक्यात कागदावर उतरते, फार खोलात न शिरता.

“आता हे बदला,” समुपदेशक म्हणतात.

“काय बदलू, मॅडम?”

“तुम्हाला वाटेल ते. सुरुवात, मधलं, शेवट. खरं वाटलंच पाहिजे असं काही नाही.”

समुपदेशकाने शेवट सुचवायचा नसतो. चालक आधी लिहितो की ब्रेक लागला आणि गाडी थांबली. पण वाचताना त्याचा श्वास पुन्हा चढतो, कारण घाट तोच, उतार तोच आणि मागचा हॉर्नही तसाच आहे. बदल पुरेसा नाही हे असे कळते. नवे स्वप्न वाचताना छातीतली धडधड वाढत असेल, तर बदल आणखी आधीपासून करायचा. दुसऱ्या खेपेला तो घाटच काढून टाकतो. हातात स्टिअरिंगऐवजी कासरा येतो, गाडी वडिलांची बैलगाडी होते, रस्ता शेताचा सपाट होतो, आणि मागून हॉर्न नाही तर बैलांच्या घुंगरांचा आवाज येतो. हे वाचताना त्याचा चेहरा सैल पडतो.

आता रोज दहा ते वीस मिनिटे फक्त या नव्या स्वप्नाची तालीम करायची. जुन्या स्वप्नाने सुरुवात करून मग नव्याकडे वळायचे नाही. जुने कागदावरच राहू द्यायचे. वेळ दिवसातली कोणतीही चालेल, मात्र ती ठरलेली असावी. नवे चित्र नुसते ‘सगळे छान झाले’ असे मोघम असेल तर ते मनात टिकत नाही. कासऱ्याचा खरखरीतपणा, धुळीचा वास असे तपशील लागतात. काही दिवसांनी दुसरे स्वप्न घेता येते, पण आठवड्यात दोनहून अधिक नव्या स्वप्नांवर काम करू नये.

बैलगाडी स्वप्नात कधी दिसणार, असे रुग्ण विचारतात. अनेकांना ती कधीच दिसत नाही, आणि तरीही दुःस्वप्ने विरळ होतात. ज्याला हातही लावला नाही ते स्वप्नही कधी कधी सौम्य होते. फरक साधारण काही आठवड्यांत दिसू लागतो. चालकाच्या वहीत सहाव्या आठवड्याला पाचाच्या जागी दोन रात्री आणि नऊच्या जागी पाच गुण, अशी नोंद दिसली तर उपचार लागू पडतो आहे. तालमीत पुन्हा पुन्हा जुने दृश्यच घुसत असेल आणि दिवसाही घटना डोळ्यांसमोर येऊ लागली असेल, तर तालीम थांबवून सुखद दृश्याच्या सरावाकडे परतायचे. हे काम प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली करायचे ते याचसाठी.

उपचार सर्वांना सारखा लागू पडत नाही. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या, अनेक दशके त्रास सोसणाऱ्या अमेरिकी सैनिकांवरचा अभ्यास 2010 मध्ये आला, आणि त्यात ही तालीम तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या उपचारापेक्षा सरस ठरली नाही. तरीही अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीने 2018 च्या आपल्या भूमिकेत आघातजन्य दुःस्वप्नांसाठी याच उपचाराची शिफारस केली.

जोडीला कोणते औषध द्यायचे, यावर वैद्यकात बराच काळ वाद आहे. सर्वांत जास्त चर्चा झाली ती प्राझोसिनची. हे मुळात रक्तदाबाचे औषध. नॉरॲड्रेनलिन हे सावधपणाचे रसायन ज्या ठिकाणी काम करते, त्यांपैकी एका प्रकारच्या जागा ते अडवते. सिएटलचे मरे रॅस्किंड यांच्या छोट्या अभ्यासांत माजी सैनिकांची दुःस्वप्ने यामुळे लक्षणीय घटली आणि ते जगभर वापरले जाऊ लागले. मग 2018 मध्ये 304 माजी सैनिकांवरचा मोठा अभ्यास आला, आणि त्यात प्राझोसिन व खोटी गोळी यांत फरक आढळला नाही. त्या अभ्यासात तब्येत स्थिर असलेलेच रुग्ण घेतले होते, असा आक्षेप नंतर घेतला गेला. काहींना ते नक्की उपयोगी पडते, पण कुणाला ते आधी सांगता येत नाही. त्यामुळे आज डॉक्टर त्याकडे ‘देऊन पाहता येईल’ असे औषध म्हणून पाहतात.

ते देताना झोपण्यापूर्वी एक मिलिग्रॅमपासून सुरुवात होते आणि बसून व उभे राहून रक्तदाब पाहत मात्रा हळूहळू वाढवली जाते. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम पडून चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचे. काही दिवस गोळी चुकली तर जुन्याच मात्रेने सुरू न करता डॉक्टरांना विचारून पुन्हा खालून चढायचे. सिल्डेनाफिल किंवा प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर ते लपवू नये. आपला चालक गाडी चालवतो, म्हणून मात्रा सुरू करतानाचे आणि वाढवतानाचे दिवस सुट्टीचे निवडावे लागतील.

झोपेची म्हणून सर्रास दिली जाणारी क्लोनाझेपाम मात्र या कामाची नाही. अकादमीने तिची शिफारस केलेली नाही, आणि आघातानंतर अशा गोळ्यांची सवय लागण्याचा धोका मोठा असतो. जे आधीपासून ती घेत आहेत त्यांनी एकदम बंद करू नये; डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करावी.

माझ्या मते क्रम असा असावा: आधी तालीम. रात्री इतक्या वाईट असतील की दिवसा वहीसमोर बसण्याइतकीही शक्ती उरत नसेल, तर सोबत प्राझोसिन. गोळी थांबवली की दुःस्वप्ने बऱ्याचदा परततात. तालमीचा फायदा मात्र ती संपल्यावरही काही महिने टिकल्याचे अभ्यासांत दिसले आहे. म्हणून गोळी चालू असतानाच तालीम शिकून घ्यावी, आणि गोळी कमी करताना वही पुन्हा रोज भरावी.

जळत्या केबिनचे स्वप्न अजून तसेच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या स्वप्नावर हात बसल्यावर आपला चालक त्याच्याकडे वळू शकेल. क्लीनर आत राहिला आणि आपण वाचलो, हा दिवसा टोचणारा अपराधभाव मात्र तालमीने जाणार नाही. त्यासाठी आघातावर थेट काम करणारे मानसोपचार वेगळे घ्यावे लागतील.