दम्याचे दोन पंप आणि स्पेसर : बोटीवर जाणाऱ्यांसाठी

१ ऑगस्टला मासेमारी सुरू झाली की दमा असलेले आपले बरेच खलाशी एकच पंप पिशवीत टाकून निघतात: धाप लागली की लगेच मोकळं करणारा. दुसरा, रोज घ्यायचा, घरी फळीवरच राहतो. गडबड इथेच होते, म्हणून आम्ही हे लिहितोय.

लगेच आराम देणाऱ्या पंपात बहुतेक वेळा साल्ब्युटामॉल असतं. ते श्वासनळीचे आवळलेले स्नायू सैल करतं. काही मिनिटांत बरं वाटतं, पण चार-सहा तासांत असर उतरतो, आणि आतली सूज तशीच राहते. ती सूज कमी करतं रोजच्या पंपातलं स्टिरॉइड, उदाहरणार्थ ब्युडेसोनाइड. ते घेतल्या घेतल्या काहीच जाणवत नाही, नीट फरक पडायला काही आठवडेही लागतात. म्हणून लोक "याचा काय उपयोग नाय" म्हणून सोडून देतात. बरं वाटत असलं तरी हा पंप चालूच ठेवायचा. पंपाच्या रंगावर जाऊ नका, डबीवरचं औषधाचं नाव वाचा. काहींना डॉक्टर एकाच पंपात दोन औषधं देतात. त्यांनी चिठ्ठीत लिहिलंय तसंच घ्यावं.

पंप थेट तोंडात मारला की बरंचसं औषध घशातच चिकटतं. स्पेसर लावला की ते छातीत जास्त उतरतं. टोपण काढा, पंप चांगला हलवा, स्पेसरला उभा बसवा. ताठ बसून श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट लावा आणि एकदाच दाबा. मग सावकाश, खोल श्वास आत घ्या आणि दहा आकडे होईपर्यंत धरा. धाप लागली असेल तर धरता येत नाही. तेव्हा स्पेसरमधूनच चार-पाच साधे श्वास घ्या. काही स्पेसर शिट्टी वाजवतात, म्हणजे तुम्ही फार जोरात ओढताय. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा मिनिट थांबून पंप पुन्हा हलवा. दोन पफ एकदम स्पेसरमध्ये मारू नका. स्टिरॉइडनंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून धुवा आणि तसाच निथळू द्या. फडक्याने पुसलात तर प्लास्टिकवर वीज साचते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

डबी संपली का बघायला पाण्यात तरंगवून बघणारे आपल्यात पुष्कळ. ते खरं नाही. औषध संपल्यावरही फुस्स आवाज येतो. हिशेबच ठेवा: २०० पफांची डबी, सकाळी दोन, रात्री दोन, म्हणजे ५० दिवस. १ ऑगस्टला सुरू केली तर १९ सप्टेंबरला संपली. डबीवर मार्करने तारीख लिहून ठेवा. आराम देणाऱ्या पंपाची तेवढीच डबी महिन्यात संपत असेल तर तुम्ही रोज सहा-सात पफ मारताय, सूज वाढलीय; डॉक्टरांकडे जायलाच हवं. खरं तर आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागला तरी दाखवावं.

बोटीवर जोराची धाप लागली तर आराम देणाऱ्या पंपाचे चार पफ, एकेक करून, प्रत्येकाला चार श्वास. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर परत चार. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर तांडेलाने जाळं सोडून लगेच बोट वळवावी, आणि रेंज आली की १०८ लावून रुग्णवाहिका जेटीवर मागवावी.